वेळापत्रक बदलाची सूचना: चौकटीपेक्षा तारखा बघा

प्रश्न: परीक्षेचं टाइमटेबल बदललंय अशी नोटीस शाळेच्या सूचना फलकासाठी लिहायची आहे. चौकट काढलीच पाहिजे का? पूर्ण मार्क मिळतील असा फॉरमॅट कोणी सांगेल का?

चौकटीचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसले, नाहीतर असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही. या चौकटीवरून मी स्टाफरूममध्ये इतकी वर्षं भांडलेय की काय सांगू.

आधी सरळ उत्तर. सीबीएसई बारावीच्या इंग्रजीत नोटीस चार मार्कांना असते, शब्दमर्यादा पन्नास. त्यातला फॉरमॅटला एक, मजकुराला दोन आणि स्पेलिंग-व्याकरणाला एक. फॉरमॅटच्या त्या एका मार्कात बघतात काय, तर वर नोटीस हा शब्द आणि शीर्षक, तारीख, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव हुद्द्यासकट. चौकटीचं म्हणाल तर बोर्डाच्या मार्किंग स्कीममध्येच लिहिलेलं असायचं की नोटीस चौकटीत लिहिली काय किंवा चौकटीबाहेर लिहिली काय, मार्क कापू नयेत. झालं. पण आमच्या पर्यवेक्षक सरांना हे कोण सांगणार, "चौकट नाही म्हणजे सूचना नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि घटक चाचणीचे पेपर तपासताना चौकट नसेल तर लाल पेनाने गोल करून अर्धा मार्क उडवायचे. मजकूर एकदम चोख असला तरी.

आता याच सरांच्या हातची एक खरीखुरी सूचना सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की वेळापत्रक बदलाच्या सूचनेत नेमकं कुठे घोळ होतो. दहावीची पूर्व परीक्षा चालू होती. शुक्रवारी गणित भाग 1, म्हणजे बीजगणित, आणि शनिवारी गणित भाग 2, म्हणजे भूमिती. गुरुवारी दुपारी ऑफिसातलं झेरॉक्स मशीन बसलं, बीजगणिताच्या प्रश्नपत्रिका निघाल्याच नाहीत, भूमितीच्या आधीच काढून ठेवलेल्या होत्या. म्हणून ठरलं की बीजगणित सोमवारी घ्यायचं, भूमिती शनिवारीच. निर्णय बरोबर होता, कोणाची तक्रार नव्हती. सूचना लिहायला सर बसले. मी परीक्षा विभागात होते, मी म्हटलं सर मी लिहिते, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार पाल्हाळ लावता." स्केचपेनने दुहेरी चौकट, कोपऱ्यांना वेलबुट्टी, आणि आत एकच वाक्य: "उद्याचा गणिताचा पेपर अपरिहार्य कारणास्तव सोमवारी घेण्यात येईल." खाली सही. तारीख नाही, इयत्ता नाही, भाग कोणता ते नाही.

आमच्या फलकाला काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली शिपाईमामांकडे, ते गुरुवारी लवकर गेलेले. सूचना लागली शुक्रवारी सकाळी, मुलं पेपरला येत होती तेव्हा. आता तुम्हीच वाचा ती शुक्रवारी सकाळी उभं राहून. उद्याचा म्हणजे शनिवारचा. शनिवारचा गणिताचा पेपर कोणता, भूमितीचा. म्हणजे भूमिती सोमवारी गेली आणि आज बीजगणित आहेच! पोरं कंपास पेट्या घेऊन वर्गात जाऊन बसली. आम्ही वर्गावर्गात जाऊन सांगितलं की आज पेपर नाही, घरी जा, तेव्हा त्यांना एवढंच कळलं की आजचा पण नाही. भूमिती सोमवारी हे डोक्यात बसलं ते बसलंच. शनिवारी बरीच मुलं आलीच नाहीत. मग गैरहजेरी, मग पालक, मग ऑफिसात आरडाओरडा, आणि सर म्हणतात मामांनी सूचना उशिरा लावली! मामांचा काय संबंध? सूचनेवर तारीख असती तर ती शुक्रवारी लावली काय आणि शनिवारी लावली काय, अर्थ तोच राहिला असता. फलकावरचा कागद कोण कधी वाचेल ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून त्यात आज, उद्या, परवा, येत्या सोमवारी हे शब्द यायलाच नकोत. तारीख लिहायची, वार लिहायचा.

आणि हेच परीक्षेत मजकुराच्या दोन मार्कांचं आहे, वेगळं काही नाही. साध्या सूचनेत, म्हणजे सहल किंवा वक्तृत्व स्पर्धा वगैरे, काय-कधी-कुठे-कोणासाठी एवढं दिलं की काम भागतं. बदलाच्या सूचनेत दोन गोष्टी जास्तीच्या लागतात आणि मुलं नेमक्या त्याच विसरतात. एक म्हणजे जुनी तारीख. नुसतं "गणिताचा पेपर 23 तारखेला" लिहिलं तर बदललं काय ते वाचणाऱ्याला कळत नाही, त्याला जुनं वेळापत्रक शोधून शेजारी धरून बघावं लागतं. दुसरं म्हणजे बाकीच्या पेपरांचं काय. एक पेपर हलला की प्रत्येकाला पहिली शंका तीच येते, बाकीचे पण पुढे गेले का? त्याला एक वाक्य पुरतं. आमच्या त्या सूचनेत "भूमितीचा पेपर ठरल्याप्रमाणे शनिवारीच" एवढे शब्द असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

समजा प्रश्न असा आलाय: अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी द्यावी लागली, घटक चाचणीचा गणिताचा पेपर राहिला, परीक्षा विभाग प्रमुख या नात्याने सूचना लिहा. मी अशी लिहीन:

अ. ब. क. विद्यालय, पुणे

सूचना

दि. 20 ऑगस्ट 2025

घटक चाचणीच्या वेळापत्रकात बदल

इयत्ता नववी व दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, अतिवृष्टीच्या सुट्टीमुळे मंगळवार, दि. 19 ऑगस्ट रोजी न झालेला गणिताचा पेपर आता शनिवार, दि. 23 ऑगस्ट रोजी सकाळी 8 ते 9 या वेळेत, ठरलेल्या वर्गातच होईल. इतर विषयांच्या वेळापत्रकात बदल नाही. शंका असल्यास वर्गशिक्षकांना भेटावे.

(सही)
क्ष. य. झ.
परीक्षा विभाग प्रमुख

मजकूर पन्नास शब्दांच्या आत बसतो, मोजून बघा. "पाल्हाळ" कुठे आहे दाखवा मला यात.

शीर्षकात "महत्त्वाची सूचना" असलं काही लिहू नका, फलकावरची प्रत्येक सूचना महत्त्वाचीच असते, शीर्षक वाचून विषय कळला पाहिजे. कारण दोन शब्दांत द्या, "अतिवृष्टीच्या सुट्टीमुळे", झालं. "अपरिहार्य कारणास्तव" मला अजिबात आवडत नाही, प्रश्नात कारण दिलेलं असताना तुम्ही हे लिहिलंत म्हणजे दिलेला मुद्दा गाळलात, आणि गाळलेला मुद्दा तपासणाऱ्याच्या लगेच डोळ्यात येतो. प्रश्नात कारणच नसेल तर मात्र चालेल, एखादं साधं कारण आपल्या मनाने दिलं तरी चालतं. "दिलगीर आहोत", "सर्वांनी नोंद घेऊन सहकार्य करावे" यात शब्द घालवू नका, पन्नासात परवडत नाही.

पत्राची सवय असलेली मुलं वर "माननीय" आणि खाली "आपला विश्वासू" टाकतात, ते सूचनेत येत नाही. सूचनेत मी, आम्ही पण नको, "कळविण्यात येते" हीच भाषा. आणि खाली स्वतःचं खरं नाव किंवा स्वतःच्या शाळेचं नाव कृपया लिहू नका, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत ओळख उघड करायची नसते. प्रश्नात जे नाव, जी शाळा, जो हुद्दा दिलाय तोच जसाच्या तसा उचलायचा, हेड बॉय म्हटलं असेल तर हेड बॉय, स्वतःहून मुख्याध्यापक व्हायचं नाही.

तारखांचं अजून एक. प्रश्नात तारखा नसतील तर आपल्यालाच घालाव्या लागतात, तिथे मुलं सूचनेवरची तारीख टाकतात 25 आणि नवीन पेपर 23 ला! वाचताना हसू येतं पण मार्क जातो. आधी पेपरची नवी तारीख ठरवा, मग सूचनेची तारीख तिच्या दोन-तीन दिवस आधीची टाका, म्हणजे वाचणाऱ्याला अभ्यासाला वेळ मिळाल्यासारखं दिसतं. वार आठवत नसेल तर परीक्षेत वार गाळा, चुकीचा वार लिहिण्यापेक्षा बरं. खऱ्या फलकावर मात्र वार हवाच, कारण पोरं वारच लक्षात ठेवतात, आणि तारीख-वार जुळतात का ते कॅलेंडरशी ताडून बघायचं. हे काम मी दर वेळी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायचे, कारण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. सरांना हा माझा संशयी स्वभाव वाटायचा.

दोनपेक्षा जास्त पेपर हलले असतील तर वाक्यात कोंबू नका, तक्ता करा, विषय, जुनी तारीख, नवी तारीख, वेळ असे चार रकाने, आणि वर फक्त एक वाक्य. खऱ्या फलकावर आणखी एक करायचं, जुनं वेळापत्रक काढून टाकायचं किंवा त्यावर आडवी रेघ मारून "सुधारित वेळापत्रक पाहा" लिहायचं, नाहीतर दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि ज्याला जे सोयीचं ते तो वाचतो.

आता हे सांगायचं राहिलंच की वरची मार्कांची विभागणी सीबीएसई बारावी इंग्रजीची आहे. तुमचा बोर्ड, इयत्ता किंवा विषय वेगळा असेल तर शब्दमर्यादा आणि मार्क वेगळे असू शकतात, तुमच्या बोर्डाची नमुना प्रश्नपत्रिका बघून घ्या, सांगाडा साधारण हाच राहतो. इंग्रजीत लिहिताना नोटीस हा शब्द आणि शीर्षक मोठ्या अक्षरात लिहायची पद्धत आहे. आणि शाळेतल्या चाचणीत तुमचे सर चौकटीवाले असतील तर काढा बापडी, वाद घालून अंतर्गत मार्क घालवू नका, पट्टीने पेन्सिलच्या चार रेघा मारायला कितीसा वेळ लागतो. फक्त मजकूर लिहून झाल्यावर मारा, आधी चौकट काढून बसलात की शेवटची ओळ आणि सही हमखास रेघेच्या बाहेर जाते.