स्टुडिओतलं लेखी क्रिटिक तपासताना नेमकं काय बघायचं?

*आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला शिकवायला नुकतीच सुरुवात केली आहे. ज्युरीनंतर मुलांनी एकमेकांच्या डिझाइनवर दोन-दोन पानांचं क्रिटिक लिहून दिलंय. ते साइटला, वापरणाऱ्या माणसांना आणि आधीच्या उदाहरणांना कितपत भिडतं यावर मार्क द्यायचे आहेत. वाचताना सगळीच ठीकठाक वाटतात. फरक कसा ओळखायचा?*

क्रिटिक वाचायला घेण्याआधी ज्या डिझाइनवर ते लिहिलंय त्याच्या शीट्स समोर लावा. नुसती पानं वाचलीत तर सगळीच ठीकठाक वाटणार, कारण ‘साइटचा संदर्भ जपला आहे’, ‘वापरकर्त्यांच्या गरजा लक्षात घेतल्या आहेत’ ही वाक्यं कुठल्याही डिझाइनला चालतात. शीट समोर असली की प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारता येतं, हे चित्रात कुठे आहे? ज्या वाक्याला प्लॅनवर किंवा सेक्शनवर बोट ठेवता येतं त्याच्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारते. दोन पानांत अशा चार-पाच रेघाही पडल्या नाहीत, तर भाषा कितीही सफाईदार असो, ते क्रिटिक डिझाइनपर्यंत पोचलेलं नसतं.

एक उदाहरण सविस्तर घेते. तिसऱ्या वर्षाला हा विषय बऱ्याच ठिकाणी असतो: रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या आसपास, कोळी कुटुंबांसाठी छोटी वसाहत. केस स्टडी म्हणून जवळजवळ हमखास येते ती चार्ल्स कोरियांची नवी मुंबईतल्या बेलापूरची घरं, १९८३ ते १९८६ दरम्यानची. समजा, विद्यार्थ्याने तिथलाच क्लस्टर घेतलाय: मधे ८ मीटर बाय ८ मीटरचं कोर्ट, भोवती सात घरं, घरं तळमजला अधिक एक. कोर्टात मासळी वाळवायची जागा दाखवलीय. त्यावर वर्गातल्या दुसऱ्या मुलाने लिहिलंय, ‘बेलापूरप्रमाणे कोर्टाभोवती घरं रचल्यामुळे समुदायभावना टिकते आणि महिलांना मासळी सुकवायला सुरक्षित, मोकळी जागा मिळते. नैऋत्येचा वारा कोर्टात घेतला आहे.’

वरवर पाहता यात साइट आहे, वापरणारे आहेत, केस स्टडीही आहे. तुमच्या तिन्ही रकान्यांत टिक करता येईल. आता हे शीटवर ताडून बघू.

आधी वारा. नैऋत्येचा वारा पावसाळ्यातला. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, आणि पाऊस चालू असताना उघड्यावर कोणी बोंबील वाळवत नाही. वाळवणाचा काळ पाऊस सरल्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा. त्या महिन्यांत दुपारचा समुद्रवारा साधारण पश्चिम-वायव्येकडून येतो. म्हणजे क्रिटिकने ज्या वाऱ्याबद्दल शाबासकी दिली तो त्या कामाच्या दिवसांत वाहतच नाही. साइट अॅनालिसिसच्या शीटवरचा एकच बाण वर्षभराचा समजून मुलं लिहितात, आणि तपासणारेही तो बाण पाहून पुढे जातात. कोणत्या महिन्यातला वारा, कोणत्या कामासाठी, एवढं विचारलं की साइटबद्दलचं अर्धं लिखाण तिथेच उघडं पडतं.

मग ऊन. याला कागदावर दोन मिनिटं पुरतात. अलिबागचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. कोर्टाच्या दक्षिणेकडचं घर सहा मीटर उंच धरा. त्याची सावली उत्तरेकडे जवळजवळ साडेपाच मीटर पडते. आठ मीटरच्या कोर्टात उन्हाची पट्टी उरली अडीच मीटर, तीही दुपारी बाराच्या सुमारास. सकाळी सूर्य आणखी खाली असतो आणि पूर्वेकडच्या घरांची सावली वेगळी. २१ मार्चच्या आसपास हीच सावली दोन मीटरवर येते, त्यामुळे कोर्ट वाईटच आहे असंही नाही. पण ऐन हंगामातले थंडीचे महिने तिथे वाळवण नीट होणार नाही. ‘मोकळी जागा’ हा शब्द प्लॅन बघून लिहिलाय, सेक्शन बघून नाही, हे इथे स्पष्ट दिसतं.

आणि मग बोंबील. ते जमिनीवर पसरत नाहीत. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूंच्या वलांडीवर, आडव्या दोऱ्यांवर टांगतात. उंच, लांबलचक रांगा लागतात, दोन रांगांमधून बायांना टोपल्या घेऊन ये-जा करायची असते, आणि सगळी मदार मोकळ्या वाऱ्यावर असते. चहूबाजूंनी घरं असलेल्या कोर्टात तो वारा अडतो. जवळा मात्र जमिनीवर पसरून वाळतो, त्याला स्वच्छ सपाट जागा हवी. ‘मासळी सुकवणे’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या जागा आहेत. ज्या मुलाने हा फरक लिहिला तो माणसांबद्दल खरंच काही पाहून आलाय असं मी मानते. वापरणाऱ्यांच्या बाबतीत माझी कसोटी हीच: क्रिटिकमध्ये कोण, किती वाजता, हातात काय घेऊन, कुठून कुठे जातंय हे एकदा तरी आलंय का? ‘महिला’, ‘ज्येष्ठ’, ‘मुलं’ अशी यादी म्हणजे वापरणारे नव्हेत. त्याच वसाहतीत कोणाचा मुलगा आता नोकरीला जातो, त्याला दारात वलांडी नको असते आणि वासाची तक्रार तोच करतो. हा ताण ज्याने टिपला त्याला मी मोकळ्या हाताने मार्क देते.

आता बेलापूर. केस स्टडीच्या बाबतीत मुलं आकृती उचलतात, कारण सोडून देतात. तिथली मूळ कल्पना ‘कोर्टाभोवती सात घरं’ एवढीच नव्हती. प्रत्येक घर आपापल्या प्लॉटवर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे कुटुंब वाढलं किंवा हातात पैसे आले की घर वाढवता यावं. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, गरीब आणि जरा बऱ्या कुटुंबाच्या जागेत फार तफावत नाही. सातांचे तीन गट मिळून २१ घरांमधे १२ मीटर बाय १२ मीटरची मोठी जागा, अशी ती रचना पायरीपायरीने वाढत जाते. पुढे घडलं काय, तर लोकांनी घरं खरोखरच वाढवली, आणि बरीच मूळ घरं पाडून त्या जागी आरसीसीची उंच घरं उभी राहिली. बेलापूर जवळ आहे, लोकल पकडून स्वतः बघता येतं.

आपल्या उदाहरणातल्या डिझाइनमध्ये घरं जोडून आहेत, भिंती सामाईक. म्हणजे बेलापूरमधून कोर्ट आलं, पण ज्यासाठी ते सगळं मांडलं होतं ती वाढण्याची सोय आली नाही. चांगल्या क्रिटिकने हे पकडायला हवं. आणखी चांगलं क्रिटिक एक पाऊल पुढे जाऊन विचारेल की इथे घरं वाढली, सहा मीटरची नऊ मीटर झाली, तर कोर्टातल्या त्या अडीच मीटर उन्हाचं काय होईल? उत्तर सोपं आहे. नऊ मीटरची सावली डिसेंबरात आठ मीटर, म्हणजे ऊन संपलंच. या एका प्रश्नात साइट, माणसं आणि केस स्टडी एकाच जागी, त्या कोर्टात, एकमेकांना भिडतात.

म्हणूनच तिन्हींना वेगवेगळे दहा-दहा मार्क ठेवू नका, असं माझं मत आहे. तसं केलंत की मुलं तीन सुटे परिच्छेद लिहितात आणि तिन्हींत बेताचे मार्क मिळवून मोकळी होतात. मी तिन्हींना थोडे थोडे मार्क ठेवते आणि मोठा हिस्सा याच्यासाठी राखते: प्लॅनवरची कुठलीही एक जागा निवडून तिथे या तिघांचं काय जमतं, काय जमत नाही, हे सांगितलंय का. जागा छोटी असली तरी चालेल, एखादी पायरी, ओटा किंवा जाळी विणायचा पडवीचा कोपरा.

केस स्टडीबद्दल आणखी एक. आधीचं उदाहरण म्हणजे गाजलेल्या आर्किटेक्टचंच काम असं मुलांना वाटतं. साइटपासून चालत जाता येईल असा जुना कोळीवाडा असतो, तिथे वाळवण कुठे होतं, घरांच्या ओळी समुद्राकडे कशा उघडतात, पावसाळ्यात होड्या कुठे ओढून ठेवतात हे सगळं आधीचंच उदाहरण. ज्या क्रिटिकमध्ये बेलापूरच्या बरोबरीने त्या कोळीवाड्याचं मापासकट स्केच आहे ते मी आधी वाचायला घेते.

तपासताना दोन ठिकाणी सांभाळा. ज्युरीत बाहेरून आलेल्या आर्किटेक्टने जे म्हटलं तेच पुष्कळ मुलं उतरवून देतात. ज्युरीच्या वेळी तुम्ही स्वतः चार ओळी टिपून ठेवल्यात तर हे लगेच कळतं. ज्युरर म्हणाले ‘कोर्ट लहान आहे’ आणि क्रिटिकमध्येही नुसतं ‘कोर्ट लहान आहे’, तर ते ऐकलेलं. ‘कोर्ट लहान म्हणण्यापेक्षा चुकीच्या बाजूने बंद आहे, पश्चिमेचं एक घर काढलं तर वारा येईल’ हे त्याचं स्वतःचं, मग ज्युररच्या मताविरुद्ध गेलं तरी हरकत नाही. उलट असं लिहिणाऱ्याला पाठिंबा द्या.

दुसरं भाषेचं. गावाकडून, मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत तीन मोडकी वाक्यं लिहितात आणि शेजारी असा सेक्शन काढतात की सगळं त्यातच सांगून झालेलं असतं. माझ्या वर्गात क्रिटिक मराठीत लिहायची आणि सेक्शनवरच टिपा लिहायची मोकळीक आहे. तुमच्या कॉलेजात चालत असेल तर पहिल्याच दिवशी जाहीर करा. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला वलांडीबद्दल जे माहीत असतं ते तिला इंग्रजीत सुचेपर्यंत अर्धं गळून जातं.

मार्क देऊन झाले की मी पानाच्या तळाशी एकच प्रश्न लिहून परत देते, उत्तर मोजूनच द्यावं लागेल असा. वरच्या मुलाला लिहीन, ‘डिसेंबरात सकाळी दहा वाजता या कोर्टात किती वलांड्या उन्हात असतील, ते सेक्शन काढून दाखव.’ आणि पुढच्या आठवड्यात ते उत्तर आलं, तर क्रिटिकचे मार्क वाढवायची तयारी ठेवते.