पॉन्सचे काम मेरुरज्जूच्या इजेवरून समजते

प्रश्न: लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जूतूनच होते, तर मग मेंदूची गरज कशासाठी? आणि पाठीच्या वरच्या भागात मेरुरज्जू तुटलेल्या रुग्णाचे मूत्राशय नीट रिकामे का होत नाही?

मूत्राशय आकुंचन पावण्यासाठी मेरुरज्जू पुरतो. पण त्याच क्षणी दार उघडावे, ही सांगड मेंदूच्या खोडातील पॉन्स हा भाग घालतो.

भरण्याचा टप्पा आधी पाहू. साधारण १५० मिलीला पहिली जाणीव होते, ३०० ते ४०० मिलीला भरल्यासारखे वाटते, आणि तरीही आतला दाब फारसा वाढत नाही, कारण मूत्राशयाच्या भिंतीतला डिट्रूसर स्नायू ताण न वाढवता सैलावत जातो. या काळात मेरुरज्जूच्या टी-११ ते एल-२ खंडांमधून निघणारे सिम्पथेटिक चेतातंतू बीटा-३ ग्राहींद्वारे डिट्रूसरला शांत ठेवतात आणि अल्फा-१ ग्राहींद्वारे मूत्राशयाचे आतले दार, म्हणजे आतला स्फिंक्टर, आवळतात, तर प्युडेन्डल चेता बाहेरचा स्फिंक्टर बंद ठेवते. भिंत ताणली जाईल तसे हे आवळणे मेरुरज्जूतूनच वाढते. हा गार्डिंग रिफ्लेक्स विद्यार्थी हमखास विसरतात.

ताणाचे संदेश मध्यमेंदूतील पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रेपर्यंत पोहोचतात, पण प्रीफ्रॉन्टल कॉर्टेक्स योग्य वेळ येईपर्यंत पुढची पायरी रोखून धरतो. ती रोख उठली की पॉन्समधील केंद्र एकाच आज्ञेने दोन कामे करते: एस-२ ते एस-४ मधील पॅरासिम्पथेटिक पेशींना उत्तेजन देऊन एम-३ ग्राहींमार्फत डिट्रूसर आकुंचित करते आणि तिथल्याच ओनुफ केंद्रकाला दाबून बाहेरचा स्फिंक्टर सैल सोडते. निरोगी माणसात स्फिंक्टर आधी सैलावतो, आणि मगच डिट्रूसरचा दाब वाढतो. क्रम महत्त्वाचा आहे.

आता टी-६ पातळीवर मेरुरज्जू पूर्ण तुटलेला रुग्ण घ्या. सुरुवातीच्या स्पायनल शॉकमध्ये मूत्राशय आकुंचन पावतच नाही, लघवी तुंबते आणि कॅथेटर घालावा लागतो. काही आठवड्यांनी सेक्रल रिफ्लेक्स परततो, पण आता मुख्यत्वे सी-तंतूंच्या वाटेने, आणि पॉन्सचा निरोप खाली येत नसल्याने डिट्रूसर आकुंचन पावताच बाहेरचा स्फिंक्टरही आवळतो. यालाच डिट्रूसर-स्फिंक्टर डिससिनर्जिया म्हणतात. समजा, १०० मिली लघवी अडखळत बाहेर आली आणि अल्ट्रासाउंडमध्ये २५० मिली उरलेली दिसली. एवढ्यावरून निदान पक्के होत नाही, कारण दुबळ्या डिट्रूसरनेही लघवी उरते. यूरोडायनॅमिक तपासणीत डिट्रूसरचा दाब चढत असतानाच स्फिंक्टरच्या ईएमजीवरची हालचाल वाढली, तर मात्र शंका उरत नाही. निरोगी माणसात ती त्या वेळी थांबलेली असते. हा दाब दीर्घकाळ ४० सेंमी पाण्याच्या वर राहिला, तर मूत्रपिंडांना धोका असतो, म्हणून लघवी बाहेर पडते एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे आहे.

उलट इजा पॉन्सच्या वर असेल, उदाहरणार्थ फ्रॉन्टल भागातील पक्षाघातात, तर रोख सुटल्यामुळे घाईची लघवी अनावर होते, पण समन्वय शाबूत असल्याने मूत्राशय सहसा रिकामे होते.