‘उलटा पिरॅमिड’: टोक खाली का?

प्रश्न: “पत्रकारितेच्या पुस्तकात बातमीच्या रचनेला ‘उलटा पिरॅमिड’ म्हटले आहे. महत्त्वाचा मजकूर वर असतो, तर टोक वर असायला हवे ना? ‘व्यस्त मनोरा’ हा शब्द अधिक बरोबर आहे का? आणि प्रत्येक बातमी अशीच लिहायची असते का?”

घोटाळा ‘टोक’ या शब्दामुळे होतो. शिखर म्हणजे सर्वोच्च, असे आपण गृहीत धरतो. या प्रतिमेत मात्र महत्त्व उंचीने नव्हे, रुंदीने मोजले आहे. पिरॅमिडचा सर्वांत रुंद, जड भाग म्हणजे त्याचा पाया. तो वर आणला, की जड मजकूर आरंभी येतो आणि पुढे तो निमुळता होत जातो. ‘व्यस्त’ हा शब्द ‘व्यस्त प्रमाण’मुळे आपल्या ओळखीचा असला, तरी हिंदीच्या सहवासाने आज अनेकांना त्यातून ‘कामात गुंतलेला’ हाच अर्थ ऐकू येतो. शिवाय मनोरा बहुधा वरपासून खालपर्यंत सारखाच सडपातळ असतो, त्यामुळे रुंदीची कल्पनाच हरवते. म्हणून मी ‘उलटा पिरॅमिड’च वापरतो.

या रचनेचा आणि तिच्या विरुद्ध रचनेचा नमुना एकाच रात्री, एकाच बातमीदाराच्या हातून उतरलेला आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे लॉरेन्स गोब्राइट यांनी पाठवलेल्या पहिल्या तारेचा आशय एवढाच होता, की राष्ट्राध्यक्षांवर आज रात्री नाट्यगृहात गोळी झाडली गेली असून जखम कदाचित प्राणघातक आहे. कोण, काय, कधी, कुठे हे सारे एका वाक्यात आले. त्यानंतर त्यांनी सविस्तर वृत्त पाठवले, ते मात्र लिंकन दांपत्य नाटक पाहायला गेले, नाट्यगृह गच्च भरले होते, येथून सुरू होते. गोळीचा आवाज पुढे येतो. पहिल्या तारेपुढे काही छापले नाही तरी बातमी पूर्ण होती. दुसऱ्या वृत्ताची आरंभीची वाक्ये तेवढी छापली असती, तर वाचकाला नाटकाची वार्ता मिळाली असती.

रचनेची कसोटी हीच आहे. बातमीचा शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि उरलेले वाचा. मग त्याच्या वरचा झाका. दर वेळी उरलेला मजकूर स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. पान लावताना जागा कमी पडली, की उपसंपादक खालून ओळी काढतो, कारण लिहिणाऱ्याने क्रम लावला आहे यावर त्याचा विश्वास असतो. याच विश्वासामुळे एक गंभीर चूक घडते. ज्याच्यावर आरोप आहे त्याचा इन्कार, किंवा ‘या आदेशाला वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली आहे’ हे वाक्य, सवयीने शेवटी टाकले जाते आणि नेमके तेच कापले जाते. उरलेली बातमी व्याकरणाने पूर्ण आणि आशयाने खोटी होते. ज्या वाक्यावाचून इंट्रोचा, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदाचा, अर्थ बदलतो, त्याची जागा इंट्रोत किंवा त्याच्या लगेच खाली असते, मग ते वाक्य कितीही रुक्ष असो.

आता ही रचना केव्हा मोडावी? १२ जुलै १९६१ चे उदाहरण घ्या. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेकाठच्या पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवसाची बातमी या क्रमानेसुद्धा लिहू नये. पाणी कुठवर आले आहे आणि कोणते पूल बंद आहेत हे आधी, धरण कसे फुटले ते नंतर. माणसे घर सोडायचे की नाही हे ठरवत असताना त्यांना उत्कंठेत ठेवणे हा अपराध आहे.

परंतु त्याच घटनेवर अनेक वर्षांनी लिहिताना ‘पानशेत धरण फुटले’ हा इंट्रो निरुपयोगी आहे, कारण ते वाचकाला ठाऊकच आहे. त्याला ठाऊक नसते ते हे, की आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. येथे क्रम हाच आशय आहे: कोणाला केव्हा काय कळले होते, आणि त्या वेळी काय करता आले असते. असा मजकूर त्या रात्रीपासून सुरू करावा आणि काळाच्या ओघाने न्यावा. मात्र हे आता का सांगतो आहोत, ते तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत स्पष्ट करावे, नाहीतर वाचक वाट पाहत नाही.

अशा लेखनाचे वजन शेवटाकडे असते, म्हणून खालून लावलेली कात्री त्याचा जीव घेते. मजकूर देतानाच उपसंपादकाला सांगावे, की कापायचे तर मधून कापा, आणि मधले कोणते दोन परिच्छेद निघू शकतात तेही आपणच खुणेने दाखवून द्यावे.