एल कापिताल की ला कापिताल? नव्या विद्यार्थ्यासाठी

उपपद बदलले की अर्थ बदलणारे स्पॅनिश शब्द कसे लक्षात ठेवावेत, असे आपण विचारले आहे. नामापुढे येणारे ‘एल’ हे पुल्लिंगी आणि ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद. अशा शब्दांपैकी सुरुवातीला दोनच जोड्या पक्क्या कराव्यात, असे मी सुचवेन.

‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल आणि ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी. शहराला ‘सिउदाद’ हा स्त्रीलिंगी शब्द असल्याने राजधानीपुढे ‘ला’ येते, हे कारण ध्यानात ठेवल्यास गोंधळ टळतो. ‘इन्बिर्तिओ एल कापिताल एन ला कापिताल’ या वाक्याचा अर्थ ‘त्याने भांडवल राजधानीत गुंतवले’ असा होतो. मात्र ‘दे’ आणि ‘एल’ मिळून ‘देल’ होते, त्यामुळे ‘देल कापिताल’ म्हणजे भांडवलाचे आणि ‘दे ला कापिताल’ म्हणजे राजधानीचे. वाचताना नवशिके नेमके येथेच चुकतात.

दुसरी जोडी: ‘एल कोमेता’ म्हणजे धूमकेतू, ‘ला कोमेता’ म्हणजे पतंग. येथे दोन चुका संभवतात:

- शेवटी ‘आ’ दिसताच शब्द स्त्रीलिंगी मानणे.
- मराठीत ‘तो पतंग’ म्हणतो म्हणून ‘एल’ लावणे.

वहीत शब्द नेहमी उपपदासह आणि एखाद्या विशेषणासह लिहावा, उदाहरणार्थ ‘ला कोमेता रोखा’, म्हणजे लाल पतंग. विशेषणाचे रूपही लिंगाची साक्ष देते. ‘एल आग्वा’ म्हणजे पाणी, यासारखे स्त्रीलिंगी शब्द ‘एल’ का घेतात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, कारण तेथे अर्थ बदलत नाही.