जर्मनमध्ये लेर्नेननंतर त्सू कधी येतो?

प्रश्न: "एअर लेर्न्ट श्विमेन"मध्ये त्सू नाही, पण पुस्तकात दुसरीकडे लेर्नेननंतर त्सू दिसला. नक्की काय धरायचं?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, कारण काही क्रियापदांनंतर त्सू येतो, काहींनंतर येत नाही, आणि लेर्नेन या दोन्ही गटांत बसतं.

क्योनेन, म्युसेन, वोलेन वगैरे मोडाल क्रियापदांनंतर त्सू कधीच येत नाही, वाक्य कितीही लांबू दे. गेहेनचंही तसंच: "इश गेहे मॉर्गेन मिट पेटर आइनकाउफेन." मात्र "अमुक करण्यासाठी शहरात जातो" असा हेतू वेगळा सांगायचा असेल, तर उम... त्सू लागतं: "इश गेहे इन दी श्टाट, उम आइन बूख त्सू काउफेन."

लेर्नेनचं गणित लांबीवर आहे. शिकायची गोष्ट एकट्या क्रियापदाची असेल तर त्सू नको: "एअर लेर्न्ट श्विमेन." एखादा शब्द जोडला तर दोन्ही चालतं: "एअर लेर्न्ट क्लाविअर श्पीलेन" किंवा "एअर लेर्न्ट, क्लाविअर त्सू श्पीलेन." शेपूट वाढलं की त्सूच घ्या, आधी स्वल्पविरामही द्या: "झी लेर्न्ट, मिट वेनिष गेल्ड आउसत्सुकोमेन" (थोड्या पैशांत भागवायला ती शिकतेय). आउसकोमेन तुटणारं क्रियापद असल्याने त्सू त्याच्या मधे शिरला, तेही एकाच शब्दात.

आपली माणसं हमखास चुकतात ती "पोहायला जातो"मुळे. "-ायला" दिसलं की हात आपोआप त्सू लिहितो आणि "इश गेहे त्सू श्विमेन" तयार होतं. ते चूकच. याउलट "फेरझूखेन" (प्रयत्न करणे) आलं, तर एका शब्दालाही त्सू हवाच: "इश फेरझूखे त्सू श्लाफेन."