फेदर वाढवूनही बदललेल्या चेहऱ्याची कड का दिसते?

"लग्नाच्या ग्रुप फोटोत आईचे डोळे मिटलेत. त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोतला चेहरा फोटोशॉपमध्ये कापून बसवला, मास्कला फेदर देऊन कड मऊही केली, तरी कडेला रेघ दिसते. काय करू?"

चेहरा कापून आणू नका. दुसरा फोटो अख्खाच वरच्या लेयरवर ठेवा. त्याची ओपॅसिटी ५०% करून आईच्या डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकपुड्या खालच्या फोटोशी जुळवा, मग ओपॅसिटी परत १००% करा. `Auto-Align Layers` इथे पुरेसं पडत नाही, कारण ते मागचा मंडप जुळवतं आणि आईचं डोकं मधल्या काळात जरा हललेलं असतं.

मास्क लावण्याआधी रंग बघा. फ्लॅश पूर्ण चार्ज झालेला नसेल तर लगेच काढलेला दुसरा फोटो थोडा काळपट येतो, आणि तो फरक मास्क झाकत नाही, नुसता पसरवतो. `Curves` फक्त या लेयरला क्लिप करून दोन्ही फोटोंतलं कपाळ सारखं दिसेपर्यंत उजेड जुळवा.

आता `Alt` दाबून मास्कच्या चिन्हावर क्लिक करा. काळा मास्क येईल आणि वरचा फोटो दिसेनासा होईल. पांढऱ्या मऊ ब्रशने, फ्लो १०-१५% ठेवून, भुवयांपासून गालाच्या उंचवट्यापर्यंतच रंगवा. नुसते डोळे आणले तर हसताना वर आलेल्या गालांशी त्यांचा मेळ बसत नाही. उलट हनुवटीपर्यंत गेलात तर जबड्याची कड विनाकारण गळ्यात पडते.

मुख्य अडचण फेदरची आहे. तो सगळ्या कडेला सारखाच लागतो, पण चेहऱ्याची कड सगळीकडे सारखी नसते. गालावर सांधा रुंद आणि मऊ हवा. चष्म्याची दांडी, नथ, कानातले, कपाळावरचे केस इथे मऊ सांधा आला की दोन्ही फोटो अर्धे अर्धे दिसतात आणि नथ दुहेरी होते. म्हणून अशी वस्तू पूर्ण एकाच फोटोतली ठेवा. तिच्याभोवती ब्रशची हार्डनेस ७०-८०% करा आणि सांधा शेजारच्या मोकळ्या त्वचेवर सरकवा. `X` दाबून काळा-पांढरा बदलत राहिलात की हे काम भराभर होतं. (मी नथ नेहमी खालच्याच फोटोतली ठेवतो.)

रेघ नेमकी कुठे उरली ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सगळ्यात वर तात्पुरता `Curves` लेयर घालून त्याची रेषा अगदी उभी करा, म्हणजे त्वचेतला बारीक फरकही पट्ट्यासारखा उठून दिसतो. तेवढ्याच जागी मास्क सुधारा आणि तो लेयर काढून टाका.

दुसऱ्या फोटोत आईने मान वळवली असेल आणि नाकाची सावली उलट्या बाजूला पडत असेल, तर मास्कवर वेळ घालवू नका. तिसरा फोटो शोधा.