पगारनिश्चिती धोरणानुसार झाली का, हे कसं तपासायचं?

प्रश्न: कोल्हापुरातल्या फाउंड्रीत इंटर्नल ऑडिटला नवीन आहे. भरतीच्या फाइल्स तपासायला दिल्यात, पण प्रत्येक फाइलवर चेकलिस्ट टिक केलेली आहे. मग नेमकं तपासू काय?

उत्तर: टिक बाजूला ठेवा आणि तारखा, आकडे बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या कारखान्यांत मी हेच काम करतो.

आधी नमुना एचआरच्या यादीतून घेऊ नका. पेरोल मास्टरमधून वर्षभरात रुजू झालेले सगळे काढा आणि त्यातून निवडा. एचआरच्या यादीत नसलेला माणूस पगार घेत असेल, तर तो इथेच सापडतो.

मग प्रत्येक फाइलचा पगार स्वतः मांडा, एचआरचा फिक्सेशन शीट नंतर उघडा. एक उदाहरण घेऊ. धोरण असं: क्वालिटी इंजिनिअरला पदविका आणि ३ वर्षांचा अनुभव हवा, सुरुवात २४,००० रुपये, पुढच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १,००० जादा, अप्रेंटिसशिप धरायची नाही. उमेदवाराने ७ वर्षं लिहिलीत, एचआरने २८,००० बसवले. ईपीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली तर नोकरी ५ वर्षांचीच दिसते. लगेच खोटेपणा म्हणू नका. कायद्याखालचे अप्रेंटिस पीएफच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे ती २ वर्षं तिथे दिसणारच नाहीत. अर्जात त्याने अप्रेंटिसशिप स्पष्ट लिहिली असेल, तर चूक मोजणाऱ्याची. बरोबर पगार २६,००० येतो, म्हणजे महिन्याला २,००० जादा. अशा वेळी त्या पोराकडून वसुली सुचवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याऐवजी त्याच पदावरच्या बाकीच्या फाइल्स काढा आणि हीच चूक किती ठिकाणी झाली ते बघा.

मागचा पगार पीएफवरून ठरवायचा मोह होतो, तो टाळा. बऱ्याच कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच १२ टक्के भरतात, म्हणून १,८०० रुपये दिसले तरी मूळ पगार कितीही असू शकतो. बँक स्टेटमेंट किंवा फॉर्म १६ घ्या.

मंजुरीत सही आहे का, एवढ्यावर थांबू नका. ऑफर लेटर ३ जूनचं आणि धोरणाबाहेरच्या पगाराला प्लांट हेडची मंजुरी १२ जूनची असेल, तर ती मंजुरी नव्हे, झालेल्या गोष्टीवरची सही आहे. अहवालात दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडा.

शिक्षणाच्या पडताळणीतही हेच. उमेदवाराने साक्षांकित करून दिलेली झेरॉक्स हा पुरावा नाही. पदविकेसाठी तंत्रशिक्षण मंडळाकडून, पदवीसाठी विद्यापीठाकडून थेट कंपनीला आलेलं उत्तर फाइलमध्ये हवं. ते नोकरी कायम केल्यानंतर आलं असेल, तर कायम करण्याचं पत्र कुणी आणि कशाच्या आधारावर दिलं, हे एचआरला लेखी विचारा.